शेअर ड्राइव्हवरची फाइल चुकून डिलीट झाली तर कोणाला आणि किती वेळात कळवायचं: सूचनेच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, 2 फेब्रुवारी 2026

ठिकाण धरमपेठेतलं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस. माणसं अकरा. सगळ्यांच्या संगणकावर `Z:` नावाने दिसणारा ड्राइव्ह म्हणजे आतल्या खोलीतल्या विंडोज सर्व्हरवरचा `D:\Kaam` हा फोल्डर. पक्षकारांची विवरणपत्रं, जीएसटीच्या एक्सेल शीट, पॅन-आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि टॅलीचा डेटा, सगळं तिथेच.

काम एवढंच आहे की एका पानाची सूचना तयार करायची. यातली एखादी फाइल चुकून डिलीट झाली तर कोणाला सांगायचं आणि किती वेळात, हे तिच्यात असेल. पहिल्या मसुद्यात "24 तासांच्या आत लेखी कळवावे" असं आहे. हा आकडा कुठून आला याचं उत्तर कोणाकडे नाही, बऱ्याच ठिकाणी असंच लिहितात म्हणून तो आला आहे. मुदत ठरवण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: डिलीट झालेल्या फाइलची प्रत या ऑफिसात नेमकी कुठे असते आणि ती कोणत्या घटकेला नाहीशी होते.

मंगळवार, 3 फेब्रुवारी

पहिला गैरसमज रिसायकल बिनचा. आपल्या संगणकावरची फाइल डिलीट केली की ती बिनमध्ये जाते, त्यामुळे `Z:` वरचीही तिथेच सापडेल असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. म्हणूनच विंडोज त्या वेळी वेगळा प्रश्न विचारतं, त्यात `permanently delete` हे शब्द असतात.

हा प्रश्न निदानाला फार उपयोगी आहे. "फोल्डर गायब झाला" असं कोणी म्हणालं की पहिलं विचारायचं, की कायमचं डिलीट करू का असा प्रश्न पडद्यावर आला होता का? आला नसेल तर बहुतेक वेळा फोल्डर डिलीट झालेलाच नसतो, माउस घसरून तो शेजारच्या फोल्डरात ओढला गेलेला असतो. लांबलचक यादीत हे कायम घडतं. तीच खिडकी उघडी असेल तर रिकाम्या जागेवर राइट क्लिक करायचं. `Undo Move` दिसलं तर ते दाबलं की फोल्डर जागेवर येतो. तिथे दुसरं काही दिसलं, उदाहरणार्थ `Undo Rename` किंवा `Undo Copy`, तर हात लावायचा नाही, कारण त्याने आधीचं भलतंच काम उलटं फिरतं. न बघता `Ctrl+Z` मारत सुटणं याच कारणासाठी सूचनेत मना करायचं ठरलं.

दुसरा गैरसमज एक्सेलच्या अलीकडच्या फाइलींच्या यादीचा. तिथे नाव दिसतं म्हणून फाइल आहे असं वाटतं. ते फक्त नाव आणि पत्ता आहे, आत प्रत नसते.

गुरुवार, 5 फेब्रुवारी

सर्व्हरवर प्रती किती आणि कधीच्या आहेत ते पाहिलं. `D:` वर शॅडो कॉपी चालू आहे. ठरलेल्या वेळी सर्व्हर त्या ड्राइव्हची त्या क्षणीची अवस्था धरून ठेवतो. यादी बघायची आज्ञा:

```
vssadmin list shadows /for=D:
vssadmin list shadowstorage
```

यादीने सगळा मसुदाच हलवला. विंडोज सर्व्हरचं मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी 7 आणि दुपारी 12 असं असतं आणि इथे ते कधी बदललेलंच नाही. यादीत मात्र सगळ्या प्रती दुपारी 12 च्या आहेत, सकाळी 7 ची एकही नाही. कारण साधं आहे. रात्री सव्वाआठला सर्व्हर नीट बंद करून मेन स्विच पाडतात आणि सकाळी दहाला ऑफिस उघडल्यावर चालू करतात. सातला यंत्रच बंद असतं आणि चुकलेली प्रत नंतर आपोआप घेतली जात नाही.

शनिवारचं तर त्याहून वाईट. ऑफिस शनिवारी पूर्ण दिवस चालतं आणि वेळापत्रक शुक्रवारी संपतं. म्हणजे शुक्रवारी दुपारी साडेबाराला बनवलेल्या फाइलवर शनिवारी दिवसभर काम झालं, तरी तिची पहिली शॅडो कॉपी सोमवारी दुपारी बाराला. मधले दोन कामाचे दिवस उघडे. आठवड्याला सहा दिवस काम करणाऱ्या कोणत्याही ऑफिसाने आपलं वेळापत्रक आजच्या आज उघडून बघावं, ही खाच सहजासहजी दिसत नाही.

शुक्रवार, 6 फेब्रुवारी

दुसरी प्रत `F:` या यूएसबी डिस्कवर असते. रोज सायंकाळी 7:45 ला ही आज्ञा चालते:

```
robocopy D:\Kaam F:\Kaam /MIR /R:2 /W:5
```

यातला `/MIR` म्हणजे आरसा. मूळ जागी जे आहे तेच आणि तेवढंच डिस्कवर ठेवायचं. मूळ जागेवरून फाइल गेली असेल तर 7:45 ला ती डिस्कवरूनही पुसली जाते, आणि आज्ञेच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. दुपारी तीनला डिलीट झालेली कालची फाइल पावणेआठपर्यंत `F:` वर सुखरूप असते, आठला नसते.

इथे "24 तास" का चालत नाहीत ते उघड होतं. कामाच्या दिवशी दिवसाच्या कुठल्याही वेळी फाइल गेली, तरी पुढच्या 24 तासांत एकदा 7:45 वाजतातच. नियम पाळून दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी अर्ज देणाऱ्या माणसाची प्रत तोवर पुसलेली असेल. मुदत घड्याळाच्या गोल आकड्यावर ठरवून भागत नाही. प्रती कधी घेतल्या जातात आणि कधी पुसल्या जातात, त्या वेळांवर ती ठरवावी लागते.

सोमवार, 9 फेब्रुवारी

सूचनेआधी यंत्रणा सुधारली, कारण वाईट यंत्रणेला जुळवून लिहिलेली मुदत माणसांना पाळता येत नाही.

शॅडो कॉपी आता सोमवार ते शनिवार 10:30, 2:00 आणि 5:30 ला घेतली जाईल. याची किंमत समजून घ्यावी लागते. विंडोज एका ड्राइव्हवर जास्तीत जास्त 64 शॅडो कॉपी ठेवतं, पासष्टावी आली की सगळ्यात जुनी जाते. आधी आठवड्याला पाचच प्रती प्रत्यक्षात निघत होत्या, त्यामुळे इतिहास जवळपास तेरा आठवड्यांचा होता. आता आठवड्याला अठरा, म्हणजे साडेतीन आठवडेच मागे जाता येईल. दर तासाला प्रत घ्यावी असाही आग्रह होता. दिवसाला दहा धरल्या तर 64 प्रती साडेसहा दिवसांतच संपतात. रोजच्या वापरातल्या फाइलीची चूक त्याच दिवशी लक्षात येते, पण महिन्यातून एकदा उघडायची शीट गेलेली कळायला महिना लागतो. दोन्ही टोकं सांभाळायची तर दिवसाला तीन ठीक वाटतात.

जागेचीही मर्यादा आहे. शॅडो कॉपीला ड्राइव्हच्या साधारण 10 टक्के जागा मूळ सेटिंगमध्ये मिळते. ती भरली की 64 व्हायच्या आधीच जुन्या प्रती जाऊ लागतात. कोणी एकदम खूप मोठा डेटा `Z:` वर टाकून उडवला की असं होतं.

रोजच्या रोबोकॉपीतून `/MIR` काढून `/E` घातलं. `/E` बदललेल्या आणि नव्या फाइली डिस्कवर नेतं, पण मूळ जागेवरून गेलेल्या फाइली डिस्कवरून पुसत नाही. पुसण्याचं काम आठवड्यातून एकदाच होईल. शनिवारी सायंकाळी पाचला, "हरवलेल्या फाइली" या वहीत एकही नोंद उघडी नाही हे बघून, माणूस स्वतः `/MIR` चालवेल. डिस्क दोन आहेत, एका आठवड्याला एक. दुसरी कपाटात कुलपात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डिस्कवर तारखेच्या नावाने वेगळा फोल्डर होईल, त्यातलं काही पुसायचं नाही.

एक मर्यादा सूचनेत ठळक हवी. `/E` डिलीट झालेली फाइल वाचवतं, पण चुकीच्या फाइलवर `Save` दाबून जुना मजकूर गेला असेल तर 7:45 ला डिस्कवरही तीच चुकीची आवृत्ती बसते. म्हणून "चुकून डिलीट" आणि "चुकून वरून सेव्ह" या दोन्हींना एकच फोन, आणि दुसरीला मुदत अधिक कडक.

गुरुवार, 12 फेब्रुवारी

कालच जीएसटीआर-1 ची तारीख संपली, आज ऑफिस मोकळं होतं. `Z:\Sarav` नावाचा सरावाचा फोल्डर मुद्दाम डिलीट करून बघितला. त्यात तीन फाइली होत्या. पहिली मंगळवारी बनवलेली, नंतर हात न लावलेली. दुसरी आज सकाळी 11 ला बनवलेली आणि दुपारी 3 ला बदललेली. तिसरी 3:10 ला बनवलेली. दुपारी 4 ला फोल्डर उडवला.

`Z:` च्या गुणधर्मांत `Previous Versions` उघडल्यावर आजच्या 10:30 आणि 2:00 च्या प्रती दिसल्या. फोल्डरच गेल्यामुळे त्याच्यावर राइट क्लिक करता येत नाही, त्याच्या वरच्या पातळीवरून आत जावं लागतं. पहिली फाइल जशीच्या तशी मिळाली. दुसरी 2:00 च्या अवस्थेत मिळाली, तीनचा बदल त्यात नव्हता. तिसरी कुठेच नव्हती. ती जन्मली आणि गेली ती दोनच्या आणि साडेपाचच्या प्रतींच्या मध्ये, त्यामुळे सर्व्हरने तिला कधी पाहिलंच नाही. `F:` वर तर ती येणंच शक्य नव्हतं.

कळवायला घाई का, याचं खरं उत्तर ही तिसरी फाइल आहे. तिला परत आणायचा एकच रस्ता उरतो, डिस्कवर अजून न पुसलेला मजकूर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने शोधायचा. `D:` ही फिरणारी हार्ड डिस्क आहे. फाइल डिलीट झाली की तिची जागा मोकळी म्हणून मांडली जाते, आतला मजकूर नवीन काही त्याच जागी लिहिलं जाईपर्यंत राहतो. आणि ड्राइव्हवरच्या फाइलींच्या अंतर्गत यादीतली तिची मोकळी झालेली ओळ विंडोज पुढच्या एखाद्या नव्या फाइलला देऊन टाकतं. दहा जण `Z:` वर सेव्ह करत असतील तर ते काही मिनिटांतही घडू शकतं. सर्व्हरवर एसएसडी असती तर ही आशाही फार धरता आली नसती, कारण त्या डिस्कला मोकळी जागा लगेच कळवली जाते आणि ती आतून साफ करून टाकते.

सरावाच्या वेळी एका सहकाऱ्याचा प्रश्न मोलाचा निघाला: "सर, फाइल तर मीच बनवली होती, परत बनवून ठेवतो ना. फोन कायले करायचा?" परत बनवून त्याच जागी सेव्ह करणं हेच सगळ्यात नुकसानीचं. नवी फाइल जुनीच्याच मोकळ्या जागेवर बसू शकते, आणि नाव तेच असल्यामुळे नंतर कुठली खरी हा घोळ वेगळाच. बनवायचीच असेल तर आपल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर बनवावी.

त्याआधी मेलच्या पाठवलेल्या पेटीत आणि व्हॉट्सॲपवर बघावं. दुपारी बनवलेली शीट बऱ्याचदा पक्षकाराला पाठवून झालेली असते, आणि तीच शेवटची चांगली प्रत ठरते.

शुक्रवार, 13 फेब्रुवारी

कोणाला कळवायचं, यावर आज निकाल लागला. पहिला फोन फाइल सांभाळणाऱ्या ताईंना, कारण सर्व्हरचा ॲडमिन लॉगिन त्यांच्याकडे आहे. त्यांनी पाच मिनिटांत उचलला नाही तर वरिष्ठ सहायकांना. तेही नसतील तर थेट साहेबांना. साहेबांचा क्रम शेवटी ठेवला, कारण पहिला फोन साहेबांना करायचा म्हटलं की माणूस आधी स्वतःच शोधत बसतो आणि तासभर जातो.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला निरोप कळवणं म्हणून धरायचा नाही. तो कोणी कधी वाचेल याचा भरवसा नाही, आणि वाचणारे मदत म्हणून आपापल्या पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रती त्याच फोल्डरात आणून टाकतात. बाहेरच्या संगणक दुरुस्तीवाल्याला फोन फक्त ताईंनी करायचा.

वहीत "कोणी डिलीट केली" हा रकाना होता, तो काढला. पथ, नाव, शेवटची कधी पाहिली, कधी गेली, त्यानंतर काय केलं, एवढं फाइल शोधायला लागतं. नाव लागत नाही, आणि नावाचा रकाना दिसला की माणसं फोन उशिरा करतात. कळवणाऱ्यावर पगारात किंवा कामाच्या मूल्यांकनात काहीही येणार नाही, हे वाक्य साहेबांच्या सहीने सूचनेत जाईल.

फाइल परत ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सूचनेच्या मागच्या पानावर. `Previous Versions` मध्ये पूर्ण फोल्डरवर `Restore` दाबायचं नाही, कारण मधल्या वेळेत इतरांनी बदललेल्या फाइलींवर जुनी आवृत्ती बसते. `Open` करून हवी तेवढीच फाइल कॉपी करायची. आणि टॅलीचा आकड्याच्या नावाचा कंपनी फोल्डर असेल तर त्यातल्या सुट्या फाइली उचलायच्या नाहीत. सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढून पूर्ण फोल्डर वेगळ्या जागी उतरवायचा, तिथून उघडून शेवटचं व्हाउचर कुठलं ते बघायचं, मगच जागेवर ठेवायचा. एका वेळेच्या काही आणि दुसऱ्या वेळेच्या काही फाइली एकत्र झाल्या की डेटा उघडतच नाही, किंवा उघडून चुकीचे ताळे दाखवतो.

मंगळवार, 17 फेब्रुवारी

चुकून गेलेली फाइल आणि हल्ला यांची सीमा सूचनेत दोन ओळींत हवी. एकदम पुष्कळ फाइलींची नावं किंवा शेवटची अक्षरं बदललेली दिसली, किंवा पैसे मागणारा मजकूर दिसला, तर ती चूक नाही. तिथे संगणकाची नेटवर्क केबल काढायची, संगणक बंद करायचा नाही आणि थेट साहेबांना फोन. सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या `CERT-In` या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिकडे कळवाव्या लागतात, त्यामुळे इथे एक तासही वाया घालवता येत नाही. साधी चुकून डिलीट झालेली शीट त्यात मोडत नाही.

पॅन-आधारच्या प्रतींचं मात्र वेगळं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा भंगाच्या व्याख्येत चुकून झालेला नाशही येतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कळवण्याची बंधनं 18 महिन्यांनी लागू होतील. तोवर वहीत अशा नोंदीपुढे एक खूण करायची, साहेब बघतील.

सूचनेचा अंतिम मजकूर:

> Z: वरची फाइल गेली? लगेच फोन करा
>
> 1. `Z:` वर सेव्ह करणं थांबवा. गेलेली फाइल पुन्हा तिथे बनवू नका.
> 2. कायमचं डिलीट करू का, असा प्रश्न आला नव्हता? रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा. `Undo Move` असेल तरच दाबा.
> 3. लक्षात आल्यापासून 15 मिनिटांत फाइल सांभाळणाऱ्या ताईंना फोन. 5 मिनिटांत उचलला नाही तर वरिष्ठ सहायक, मग साहेब. ग्रुपवरचा निरोप चालणार नाही.
> 4. फाइल आज दुपारनंतर बनवली असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा.
> 5. चुकीच्या फाइलवर सेव्ह झालं असेल तर त्याच दिवशी सायंकाळी 7 च्या आत कळलंच पाहिजे.
> 6. कधी गेली माहीत नाही, आज लक्षात आलं, तरी कळवा. शनिवारी सायंकाळी 5 ला डिस्कवरची प्रत पुसली जाते.
> 7. नावं बदललेल्या पुष्कळ फाइली दिसल्या तर केबल काढा, संगणक चालू ठेवा, साहेबांना फोन.
>
> कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.

शुक्रवार, 20 फेब्रुवारी

सूचना प्रिंटरच्या वर आणि सर्व्हरच्या खोलीच्या दारावर लागली, शेजारी हिंदी प्रत. ऑफिसात बोलणं निम्मं हिंदीतच चालतं. फोन नंबर मोठ्या अक्षरांत, वेगळ्या कागदावर, म्हणजे माणूस बदलला तर तेवढाच कागद बदलेल.

काल शिवजयंतीची सुट्टी होती, त्यामुळे सर्व्हर बंद आणि एकही शॅडो कॉपी नाही. यादीत 18 च्या 5:30 नंतर थेट आजची 10:30 आहे, अपेक्षेप्रमाणे. सुट्टीच्या दिवशी कोणी येऊन काम करणार असेल तर सर्व्हर चालू करणाऱ्यानेच हाताने एक प्रत घ्यायची:

```
vssadmin create shadow /for=D:
```

मार्चअखेरच्या गर्दीत `Z:` वर लिहिणं वाढेल आणि शॅडो कॉपीची जागा लवकर भरेल. म्हणून मार्चभर दर सोमवारी ताई यादीतली सगळ्यात जुनी प्रत कोणत्या तारखेची आहे ते वहीत लिहितील. ती तीन आठवड्यांच्या अलीकडे सरकली तर शॅडो कॉपीची जागा वाढवायची.